नवतपात पांढरकवड्याकडे पाच दिवस: तापलेला फोन आणि हरवता हरवता राहिलेल्या ओव्या

मेच्या शेवटच्या आठवड्यात, ऐन नवतपात, पांढरकवड्याहून वीसेक किलोमीटर आत असलेल्या एका गावात पाच दिवस राहून आले. काम एकच होतं. एका पंचाहत्तरीच्या आजींच्या जात्यावरच्या ओव्या आणि लग्नातली गाणी रेकॉर्ड करायची. निघण्याआधी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी एकच सांगितलं, "कॅमेरा कशाला? फोन पुरतो. फक्त मोठी पॉवर बँक घे." सांगणारे सगळे एसीच्या खोलीत रेकॉर्डिंग करणारे होते. विदर्भातल्या मे महिन्यात हा सल्ला चुकीचा आहे, आणि त्यातली पॉवर बँक तर फोनचं नुकसानच करते.

नागपूरहून एसटीने जाम, हिंगणघाट, वडकी, करंजी करत पांढरकवडा. साधारण दीडशे किलोमीटर आहे, रस्ता चांगला आहे. पुढे काळीपिवळी मिळते. पहिला दिवस ओळखीपाळखीत आणि कवेलूच्या सपरीत, म्हणजे कौलारू ओसरीत, बसून गाणी ऐकण्यात गेला. संध्याकाळी तासभर रेकॉर्ड केलं, काही अडचण आली नाही. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशीची दुपार मात्र मी विसरणार नाही.

जातं रोवलेलं होतं मागच्या खोलीत, आणि त्या खोलीवर टिन. कूलर पुढच्या खोलीत होता, पण तो चालू ठेवला की मधल्या दारातून त्याचा घरघराट येऊन ओवीचे शब्द बुडायचे. म्हणून कूलर बंद केला, दार लोटलं. बाहेर ४५ अंश, आत टिनाखाली त्याहून कमी नक्कीच नव्हतं. आजींचे हात आणि जात्याचा खुंटा स्पष्ट दिसावा म्हणून मी फोरके लावलं, फोनला पॉवर बँक जोडली आणि सुरू केलं. आजी गात सुटल्या. चौदाव्या मिनिटाला स्क्रीन आपोआप अंधारली. मला वाटलं बॅटरी वाचवण्यासाठी असेल. थोड्या वेळाने चार्जिंग थांबल्याची सूचना आली, तीही मी बाजूला सारली, कारण आजी सासुरवासाच्या ओव्यांवर आल्या होत्या आणि मध्ये थांबवायची हिंमत होत नव्हती. अडतिसाव्या मिनिटाला फोन बंद पडला. हातात घेतला तर पाठ धरवत नव्हती.

आजी जातं थांबवून म्हणाल्या, "तुह्या मोबाईलले उन्ह लागलं व पोरी. त्याले सावलीत निजव."

त्यांचं निदान अगदी बरोबर होतं. साध्या फोनला पंखा नसतो. आतली उष्णता पाठीतून बाहेरच्या हवेत जाते, आणि हवा फोनपेक्षा थंड असेल तरच ती जाते. बहुतेक कंपन्या ३५ अंशांपर्यंतच्या हवेत फोन वापरा असं सांगतात. आपण तो ४५ अंशांत वापरतो, म्हणजे उष्णतेला जायला जागाच नाही. त्यात व्हिडिओ घेताना सेन्सर, प्रोसेसर आणि स्क्रीन एकदम राबतात. गावात नेटवर्कची एखादीच दांडी असेल तर टॉवर शोधण्यात फोन आणखी तापतो. आणि चार्जिंग करताना बॅटरी स्वतःही तापते. ती साधारण ४५ अंशांच्या आसपास गेली की फोन चार्जिंग थांबवतो. म्हणजे माझी पॉवर बँक आधी उष्णता देत राहिली आणि गरज होती तेव्हा वीज द्यायची थांबली.

पुढे जाणाऱ्यांनी खुणांचा हा क्रम लक्षात ठेवावा: स्क्रीन अंधारते, फ्लॅश चालेनासा होतो, चार्जिंग थांबतं, चित्र अडखळतं, मग सूचना येते आणि शेवटी फोन बंद. प्रत्येक फोनमध्ये सगळ्या खुणा दिसतीलच असं नाही. पण स्क्रीन स्वतःहून अंधारली की चालू ओवी संपू द्या आणि लगेच थांबवा. सूचना येईपर्यंत वाट पाहू नका.

फोन थंड करायची रीत आजींच्याच घरात होती. माठ जसा पाझरून गार होतो, तसंच ओलं फडकं फोनला गार करतं. पंखा फोनला खोलीच्या हवेपेक्षा गार करू शकत नाही, पण वाळणारं पाणी करतं, आणि वैदर्भीय उन्हाळ्याची हवा इतकी कोरडी असते की फडकं पाहता पाहता वाळतं. आम्ही ओलं पोतं जमिनीवर अंथरलं, त्यावर जर्मनची परात ठेवली आणि परातीच्या कोरड्या बुडावर फोन उताणा ठेवला, कव्हर काढून, पाठ धातूला टेकवून. स्टीलची परात घेऊ नका, स्टीलमधून उष्णता फार हळू जाते. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम, ते पटकन ओढून घेतं. बॅटरीचं तापमान दाखवणारं ॲप माझ्याकडे होतं. त्यात ४६ वरून ३८ वर यायला दहा-बारा मिनिटं लागली.

रेकॉर्डिंग चालू असताना फोन स्टँडवर असतो, तेव्हा घट्ट पिळलेला हातरुमाल पाठीवर, लेन्सच्या खाली, रबर लावून बांधला. त्यातून थेंब गळता कामा नये, आणि तो चार्जिंगच्या भोकापासून व माइकपासून दूर हवा. शेजारच्या दुकानदारभाऊंनी आपुलकीने आइस्क्रीमच्या फ्रीजमध्ये फोन ठेवायला सांगितलं. तसं कधी करू नका. गार झालेला फोन बाहेर काढला की बाहेर दव धरतं, आणि तेच आतही धरू शकतं.

आता त्या बंद पडलेल्या व्हिडिओबद्दल, कारण माझा सगळ्यात जास्त जीव त्यात अडकला होता. फोन सुरू झाला तेव्हा गॅलरीत काहीच नव्हतं. फाइल मॅनेजरमध्ये लपलेल्या फाइली दाखवायची सोय चालू केली, तेव्हा `.pending-` ने सुरू होणाऱ्या नावाची तेरा जीबीची फाइल दिसली. ती उघडत नव्हती. याचं कारण साधं आहे. एमपीफोर फाइलमध्ये कुठलं चित्र आणि कुठला आवाज कुठे आहे याची यादी फोन बहुधा रेकॉर्डिंग थांबवल्यावर, सगळ्यात शेवटी लिहितो. फोन अचानक मेला तर माल सगळा असतो, पण यादी नसते. अशी फाइल दिसली तर त्याच दिवशी नाव बदलून दुसरीकडे कॉपी करा. अर्धवट राहिलेल्या या फाइली अँड्रॉइड साधारण आठवड्याने स्वतःहून पुसतो.

परतल्यावर नागपुरात डेटा परत मिळवून देणाऱ्या एका दुकानात गेले. फोन हातात न घेताच ७,००० रुपये सांगितले, त्यातले ३,००० आधी, आणि फाइल मिळाली नाही तरी ते परत नाहीत. सासुरवासाच्या ओव्या तेवढ्याच होत्या, म्हणून मी पैसे काढायलाही लागले होते. त्या दुकानाच्या पायरीवरून परत फिरले ते भाच्याच्या फोनमुळे. त्याने लॅपटॉपवर `untrunc` नावाचं फुकटचं साधन वापरलं. त्याला त्याच फोनवर, त्याच सेटिंगमध्ये घेतलेला एक चांगला व्हिडिओ लागतो. त्यावरून ते तुटलेल्या फाइलची यादी नव्याने बांधतं.

```
untrunc changla.mp4 tutlela.mp4
```

नावात `_fixed` असलेली नवी फाइल तयार झाली. शेवटची काही सेकंदं सोडून अडतीस मिनिटं परत आली. सासुरवासाची ओवी ऐकताना मी रडले. दरवेळी असं जमेलच असं नाही, पण कुणालाही हजारो रुपये देण्याआधी हे करून पाहा. आणि प्रवासाला निघण्यापूर्वी ठरवलेल्या सेटिंगमध्ये एक मिनिटाचा चांगला व्हिडिओ घेऊन जपून ठेवा.

तिसऱ्या दिवसापासून सगळं बदललं. पहाटे साडेपाच ते साडेआठ व्हिडिओ. पूर्वी दळण पहाटेच व्हायचं, त्यामुळे आजींचा गळाही तेव्हाच लागतो, हे मला आधी सुचायला हवं होतं. दुपारी चित्र नाही, फक्त आवाज, तोही कवेलूच्या सपरीत. फोन एअरप्लेन मोडमध्ये, कव्हर काढलेलं, स्क्रीनचा उजेड कमीत कमी, चार्जर लावायचा नाही. बॅटरी आदल्या रात्री लाइट असताना भरून ठेवायची. आणि वीस मिनिटं झाली की थांबवायचं, दहा मिनिटं परातीवर, मग पुढचा तुकडा.

व्हिडिओ फोरकेऐवजी फुल एचडीत घेतला, त्यामुळे जागेचाही प्रश्न सुटला. फोरकेला मिनिटाला साधारण ३५० एमबी लागतात, म्हणजे तासाला २१ जीबी. माझ्याकडे रिकामी जागा ३१ जीबी होती, म्हणजे दीड तास. फुल एचडी, ३० फ्रेमवर आणलं की मिनिटाला १३० एमबीच्या आसपास, तासाला पावणेआठ जीबी. सेटिंगमध्ये एचईव्हीसी, म्हणजे व्हिडिओ जास्त दाबून साठवायची सोय, असेल तर त्याच्याही निम्मं, पण फाइल जुन्या लॅपटॉपवर उघडते का ते घरीच पाहून घ्या. नुसता आवाज, मोनो वेव्ह, ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, घेतला तर तासाला ३५० एमबीसुद्धा होत नाही. ओव्यांसाठी फोरकेची गरज नाही. हात आणि जातं फुल एचडीत उत्तम दिसतात.

जागा रिकामी करताना मी फसले. जुने व्हिडिओ पुसले तरी जागा वाढेना, कारण पुसलेलं सगळं ट्रॅशमध्ये जातं आणि महिनाभर तिथेच जागा धरून बसतं. ट्रॅशही रिकामा करा, पण पेनड्राइव्हवरची प्रत उघडून पाहिल्यावरच. माझा पेनड्राइव्ह पांढरकवड्यात घेतलेला, शहरापेक्षा दोनशे रुपये जास्त देऊन. तो फॅट३२ स्वरूपात होता, आणि त्यावर चार जीबीपेक्षा मोठी एकही फाइल चढत नाही. तेरा जीबीची ती फाइल त्यावर गेली नाही, लॅपटॉप मिळेपर्यंत फोनमध्येच जपावी लागली. वीस मिनिटांचा फुल एचडी तुकडा २.६ जीबीचा होतो, तो बिनतक्रार चढला. पेनड्राइव्ह शहरातूनच न्या, घरी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा आणि आपल्या फोनला ओटीजीने जोडून चालतो का ते पाहा, कारण काही फोन एक्सफॅट वाचत नाहीत. रोज रात्री प्रत घ्यायची, तीही फोन गार झाल्यावर. कॉपी करतानाही तो तापतोच.

शेवटच्या तीन दिवसांत चौदा तुकडे झाले. फोन एकदाही बंद पडला नाही.

ओल्या फडक्याची रीत कोरड्या उन्हाळ्यापुरतीच आहे. नागपंचमीच्या गाण्यांसाठी श्रावणात जाणार असाल, तर हवा दमट असते, फडकं वाळत नाही आणि कूलरही काम देत नाही. तेव्हा तुकडा पंधरा मिनिटांचा करा आणि विश्रांती वाढवा. जर्मनची परात मात्र तेव्हाही चालते.