डाव्या पिशवीत थेंब नव्हता

गेली अकरा वर्षे मी घरी जाऊन रुग्णांची शुश्रूषा करते. पाठीतून थेट मूत्रपिंडात घातलेली नळी, म्हणजे नेफ्रोस्टोमी, असलेले रुग्ण माझ्याकडे वर्षभर असतात आणि त्यांतल्या बऱ्याच बायका गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या असतात. गाठीमुळे मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे येणाऱ्या नळ्या दाबल्या गेल्या की लघवी वरच तुंबते आणि मूत्रपिंड निकामी होऊ लागते. मग पाठीतून आठ किंवा दहा फ्रेंच, म्हणजे साधारण तीन मिलिमीटर जाडीची एक बारीक नळी आत सारून लघवी बाहेरच्या पिशवीत काढतात. सातारा जिल्ह्यातल्या ज्या आक्कांबद्दल लिहिते आहे, त्यांना दोन्ही बाजूंना अशा नळ्या होत्या. नळ्या बसण्यापूर्वी त्यांचे क्रिएटिनीन, म्हणजे मूत्रपिंड नीट चालत नसेल तर रक्तात वाढणारा घटक, साडेसहाच्या वर होते आणि पंधरा दिवसांत ते दोनच्या खाली आले, त्यामुळे पुढची केमोथेरपी सुरू होऊ शकली.

घरात त्यांचे सगळे धाकटी सून पाहत असे. पहिल्या आठवड्यात मी तिला तीन गोष्टी शिकवल्या होत्या: ड्रेसिंग, पिशवीचे माप आणि फ्लश. डाव्या बाजूच्या लघवीत गाळ येत असल्यामुळे डॉक्टरांनी त्या बाजूला रोज एकदा पाच मिलिलिटर सलाइनने नळी धुण्यास सांगितले होते, उजवीला नाही. हा फरक मी मुद्दाम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला होता, कारण फ्लश हा प्रत्येक नळीचा नित्यक्रम नसतो आणि डॉक्टरांनी सांगितले नसेल तर नळी विनाकारण उघडणे म्हणजे जंतूंना वाट करून देणे होय.

त्या मंगळवारी सकाळी सव्वासातला तिचा फोन आला. "सिस्टर, डाव्या पिशवीत रात्री अकरापासून थेंब नाही. सिरिंज भरून ठेवलीय, फ्लश मारू का?"

मी तिला सिरिंज खाली ठेवायला सांगितली. पिशवी रिकामी दिसली की घरच्यांचा हात आधी सिरिंजकडे जातो आणि त्यात त्यांची चूक नसते, कारण नळी तुंबली की ती धुवायची असेच आम्ही शिकवलेले असते. पण रिकाम्या पिशवीची कारणे निदान तीन असतात: बाहेरची नळी मुडपली असेल, आतली नळी गाळाने बंद झाली असेल, किंवा नळी जागेवरून सरकली असेल. पिशवीकडे पाहून ही तिन्ही सारखीच दिसतात. फ्लश फक्त दुसऱ्या कारणावर चालतो, आणि तिसऱ्यात तो अपाय करतो.

मी आधी आक्कांबद्दल विचारले. थंडी वाजली का, ताप किती, डाव्या कुशीत दुखते का? ताप नव्हता, पण डावी बाजू रात्रीपासून जड झाली होती, पाठीत आतून कोणी ओढते आहे असे आक्का म्हणत होत्या. खालून लघवी झाली का, हेही मी विचारले. ज्यांची मूळ वाट अर्धवट मोकळी असते त्यांची लघवी कधी कधी मूत्राशयाकडेच उतरते आणि पिशवी उगाच रिकामी वाटते; आक्कांची वाट मात्र पूर्ण बंद होती, त्यामुळे डाव्या मूत्रपिंडाची लघवी नळीवाटे येत नसेल तर ती आतच साठत होती किंवा नळीच्या कडेने झिरपत होती.

मग तिला नळी त्वचेपासून पिशवीपर्यंत बोटाने चाचपत जायला सांगितले. मुडपलेली नळी मला सर्वांत जास्त कुठे सापडते, तर कमरेशी, परकराच्या नाडीखाली. नाडीची गाठ नेमकी नळीवर बसते, बाई रात्रभर तशीच झोपते आणि सकाळी पिशवी कोरडी असते. यावर उपाय म्हणून आम्ही आक्कांना परकराऐवजी गाऊन घालायला दिला होता. त्या दिवशी नळीत कुठेही मुडप नव्हता. नळी आणि पिशवीच्या सांध्यावर असलेला थ्री-वे, म्हणजे तीन तोंडांचा कॉक, हीसुद्धा एक जागा असते, कारण फ्लश झाल्यावर कळ पूर्ववत फिरवायची राहिली की वाट बंदच राहते. तिने कळ पाहिली, ती बरोबर होती. पिशवी पाठीपेक्षा खाली, कॉटच्या कडेला टांगलेली होती.

"ड्रेसिंग कसे आहे?" मी विचारले.

"ओलं लागतंय. रात्री घामानं भिजलं असंल असं वाटलं."

त्या उत्तराने मी लगेच निघाले. जाताना फोनवर एवढेच सांगितले की ड्रेसिंग सोडू नकोस, नळी कुठेही ढकलू नकोस आणि आक्कांना उजव्या कुशीवर निजव.

पोहोचायला पाऊण तास लागला. गॉज हातात घेतल्याबरोबर लघवीचा वास आला. घामाने वरचा थर ओलसर होतो, इथे मात्र आतला थर चिंब होता आणि नळीभोवतीची कातडी बराच वेळ पाण्यात राहिलेल्या बोटासारखी पांढरी, सुरकुतलेली झाली होती. लघवी नळीतून येत नसून नळीच्या कडेने येत होती. हे बंद नळीतही होते आणि सरकलेल्या नळीतही होते, म्हणून पुढची खूण पाहणे भाग होते.

ती खूण म्हणजे नळीची बाहेरची लांबी. पहिल्या भेटीत मी कातडीपासून नळीच्या प्लॅस्टिकच्या टोकापर्यंत कागदी टेपने माप घेऊन वहीत लिहिले होते: उजवी 15 सेंटिमीटर, डावी 14. रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर असे माप क्वचितच लिहिलेले असते, याची मला नेहमी खंत वाटते, कारण नंतर नळी सरकली की नाही हे ठरवायला दुसरा सोपा आधार घरात नसतो. मी टेप लावला. डावी नळी 19 सेंटिमीटर भरली. कातडीशी तिला धरून ठेवणारा टाका तुटलेला होता आणि त्याचे एक टोक चिकटपट्टीत अडकून वर आले होते.

नळीचे आतले टोक डुकराच्या शेपटीसारखे वळलेले असते आणि त्या वळशात भोके असतात. त्यांतूनच लघवी नळीत शिरते. पाच सेंटिमीटर बाहेर आल्यावर त्यातली काही भोके मूत्रपिंडाबाहेरच्या मांसात आली असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी सलाइन घातले असते तर ते मूत्रपिंडात न जाता भोवतालच्या ऊतींत गेले असते, असह्य दुखले असते आणि जंतुसंसर्ग पसरला असता. नळी पुन्हा आत ढकलणेही तितकेच घातक, कारण बाहेर आलेला भाग आता निर्जंतुक नसतो आणि तो आत कुठे जाईल हे हाताला कळत नाही.

हे कसे झाले, ते बोलताबोलता उलगडले. आदल्या संध्याकाळी आक्का कॉटवरून उठताना पिशवी कडेच्या हुकातच राहिली होती. एक झटका बसला, थोडे दुखले, मग थांबले. सुनेला त्रास नको म्हणून त्यांनी कोणाला सांगितले नाही. मला वाईट याचे वाटले की मीही त्यांना उठण्याआधी पिशवी हातात घ्यायला सांगितले होते, पण झटका बसला तर लगेच सांगा, हे सांगितले नव्हते. आता मी ते प्रत्येक रुग्णाला स्वतंत्रपणे सांगते. शिवाय नळीला कातडीवर एक सैल वळसा देऊन दुसऱ्या चिकटपट्टीने तो पक्का करते, म्हणजे ओढ बसली तरी ती आधी वळशावर येते, टाक्यावर नाही.

मी हात धुऊन निर्जंतुक हातमोजे घातले, जागा सलाइनने आतून बाहेर पुसली, कोरडी केली आणि नळी आहे तशीच ठेवून तिच्याभोवती चीर दिलेला गॉज घडी करून बसवला. वर दुसरा गॉज ठेवून चिकटपट्टीने सारे घट्ट धरले. काही खायला देऊ नका असे सांगितले, कारण नळी बदलायची तर पोट रिकामे लागू शकते. मग डॉक्टरांना फोन करून वहीतले आकडे वाचून दाखवले. सोमवारी चोवीस तासांत उजवी 950 मिलिलिटर, डावी 620. रात्री अकरानंतर उजवी 340, डावी शून्य. दोन्ही बाजूंचा हिशेब वेगळा ठेवला नसता आणि नुसती बेरीज लिहिली असती, तर उजवी चांगली चालल्यामुळे डावी बंद पडल्याचे दुपारपर्यंत कोणाच्या लक्षात आले नसते.

तो वेळ मोलाचा होता. नळी बसवून सात आठवडे झाले होते, म्हणजे पाठीतून मूत्रपिंडापर्यंतची वाट बऱ्यापैकी तयार झालेली होती. पण नळी निघाली की ही वाट काही तासांत आवळू लागते. आक्का साडेदहाला रुग्णालयात पोहोचल्या. क्ष-किरण विभागातल्या डॉक्टरांनी जुन्याच वाटेने बारीक तार आत नेऊन तिच्यावरून नवी नळी बसवली. पाठीत पुन्हा सुई टोचावी लागली नाही. नव्या नळीतून आधी गढूळ लघवी आली, मग दोन दिवस ती किंचित लालसर राहिली. नळी बदलल्यावर इतकी लाली अपेक्षित असते. लाली वाढत गेली किंवा गुठळ्या आल्या तर मात्र लगेच परत जायचे, हे मी सुनेला बजावले.

तीन आठवड्यांनी त्याच बाजूला पुन्हा प्रवाह थांबला. या वेळी तिने मला फोन करण्याआधी ताप पाहिला, नळी चाचपली, कळ तपासली, ड्रेसिंग कोरडे असल्याची खात्री केली आणि टेप लावला. लांबी जशीच्या तशी होती. मग मी फोनवर असताना तिने फ्लश केला. दहा मिलिलिटरची सिरिंज, कारण लहान सिरिंजने नकळत जास्त दाब पडतो; सलाइन नव्या फोडलेल्या प्लॅस्टिकच्या कुपीतून, चार दिवसांपूर्वी उघडलेल्या बाटलीतून नव्हे. नळीचे तोंड स्पिरिटच्या बोळ्याने घासून वाळू दिले, कळ पिशवीच्या बाजूला बंद केली आणि पाच मिलिलिटर हळूहळू सोडले. मूत्रपिंडातली पोकळी लहान असते, तिथे याहून जास्त एकदम घालायचे नसते. सलाइन अडले किंवा आक्कांना दुखले तर थांबायचे, जोर लावायचा नाही आणि सिरिंजने मागे ओढायचेही नाही, हे तिने माझ्याआधीच म्हणून दाखवले. सलाइन सहज गेले. कळ फिरवल्यावर पिशवीच्या नळीत आधी पांढुरका गाळ उतरला आणि त्यामागून स्वच्छ लघवी.

तिने घातलेले पाच मिलिलिटर त्या दिवसाच्या मापातून वजा करून वहीत लिहिले. त्याच पानाच्या वरच्या कोपऱ्यात तिच्या अक्षरात नवे माप होते: डावी 13, उजवी 15, आणि खाली तारीख.