उत्पन्न म्हणजे किती क्विंटल?

"प्रश्नावली शहरातल्या नोकरदारांनाही जाणार आहे आणि गावातल्या शेतकऱ्यांनाही. मग भाषा प्रमाण ठेवायची की बोली?"

क्रियापदं प्रमाण ठेवा आणि नामांवर सगळी मेहनत घ्या. 'केले' वाचून कुणी अडत नाही. 'केलं' लिहिल्याने गावातल्या माणसाला जवळीक वाटते, असाही माझा अनुभव नाही. वऱ्हाडातल्या किंवा खानदेशातल्या माणसासाठी ते 'केलं'सुद्धा पुण्याचंच असतं. आणि त्याच्या बोलीची नक्कल करून 'पायजे', 'व्हय' छापलं, तर आपली थट्टा चालली आहे असं त्याला वाटतं, आणि ते बरोबरच आहे. खरी अडचण येते ती दोघांनाही माहीत असलेल्या, पण दोघांसाठी वेगळा अर्थ असलेल्या शब्दांची. अवघड शब्द निदान 'म्हणजे काय?' असं विचारायला लावतो. हे सोपे शब्द चुकीचं उत्तर देऊन निमूट पुढे जाऊ देतात.

माझ्यासाठी असा पहिला शब्द 'उत्पन्न'. आमच्या मसुद्यात प्रश्न होता: "मागील आर्थिक वर्षात आपल्या कुटुंबाचे एकूण उत्पन्न किती होते?" शहरात लोकांनी आकडे भरले, कुणी तक्रार केली नाही. मग चाचणीसाठी एका गावात गेलो. चार एकर कोरडवाहू जमीन असलेल्या एका काकांना सर्वेक्षकाने प्रश्न वाचून दाखवला. ते लगेच म्हणाले, "यंदा वीस क्विंटल." शेतकऱ्यासाठी उत्पन्न म्हणजे शेतात पिकलेला माल. प्रश्न त्यांना नीट कळला होता, फक्त आमचा नव्हता.

सर्वेक्षक म्हणाला, "काका, पैशातलं उत्पन्न." ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "चाळीस हजार." आकडा इतका तयार होता की मी विचारलं, कशावरून? "दाखल्यावर तेवढंच आहे." मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढला होता. पैशाच्या अर्थाने 'उत्पन्न' हा शब्द गावात बहुतेक वेळा त्या दाखल्यासोबतच कानावर पडतो. त्यामुळे प्रश्न ऐकला की तोच आकडा ओठांवर येतो. ते खोटं बोलत नव्हते. सरकारी शब्दाला त्यांनी सरकारी उत्तर दिलं.

मग 'कमाई' लिहावं का? आम्ही तेही करून पाहिलं. "शेतीत कसली कमाई, पोटापुरतं होतं," असं उत्तर आलं. कमाई म्हणजे खर्च जाऊन उरलेलं, असा अर्थ त्यांनी घेतला. शहरात तोच शब्द काहींना फक्त स्वतःच्या पगारापुरता वाटला, तर काहींना खाजगीत डोकावल्यासारखा. प्रमाण शब्द फसला म्हणून बोलीतला चालेलच असं नाही, हे मी तिथे शिकलो.

शेवटी आम्ही एक शब्द शोधणंच सोडलं आणि प्रश्न फोडला: "गेल्या वर्षभरात घरात कुठून कुठून पैसे आले?" खाली एकेक वाट लिहिली: पीक विकून, दुधाचे, मजुरीचे, पगाराचे, बाहेरगावी असलेल्या माणसाने पाठवलेले, सरकारकडून खात्यात जमा झालेले. शेती आणि जनावरांवरचा खर्च वेगळा विचारला. त्याच काकांसोबत पुन्हा बसलो. सोयाबीन 20 क्विंटल, भाव 4,200 रुपये, म्हणजे 84,000. बियाणे, खत, फवारणी, नांगरट, काढणी मिळून 46,000 गेले. राहिले 38,000. दुधाचा हिशोब महिन्याने विचारला तेव्हा ते अडखळले, कारण डेअरीचं बिल दर दहा दिवसांनी येतं. "एका बिलाला किती?" म्हटल्यावर लगेच सांगितलं: 1,500 रुपये. गाय आठ महिने दुभती होती, म्हणजे 24 बिलं, 36,000. चारा-पेंडीचे 14,000 वजा करून 22,000.

काकू दारात बसून ऐकत होत्या. आधीच्या 'व्यवसाय' या रकान्यात त्यांच्यापुढे 'घरकाम' लिहिलं गेलं होतं, आणि ते त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. आता 'मजुरीचे' हा शब्द आला तशा त्या म्हणाल्या, "मी जाते की खुरपणीला." 60 दिवस, 300 रुपये रोज, 18,000. बेरीज 78,000 झाली. दाखल्यातल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि त्यातला एक वाटा जिच्यापुढे कमाईचं काहीच लिहिलं नव्हतं तिचा.

वर्षाचाही असाच घोळ होता. 'आर्थिक वर्ष' म्हटलं की नोकरदाराला एप्रिल ते मार्च कळतं. गावात ते कळत नाही, आणि नुसतं 'गेल्या वर्षी' म्हटलं तर प्रत्येकाचं वर्ष वेगळं. दिवाळी धरून पाहिली, पण सोयाबीन त्याच सुमारास निघतं. मग एकाच पिकाची विक्री काहींनी या वर्षात धरली, काहींनी त्या. उपाय गावातच होता. सालगडी पाडव्याला ठरतो आणि पुढच्या पाडव्याला त्याचं साल भरतं. गुढीपाडवा 2023 मध्ये 22 मार्चला होता, 2024 मध्ये 9 एप्रिलला, 2025 मध्ये 30 मार्चला. म्हणजे आर्थिक वर्षाच्या अगदी शेजारी. म्हणून आम्ही छापलं: "मागच्या पाडव्यापासून या पाडव्यापर्यंत (एप्रिल ते मार्च)". दोघांनाही ओळखीचं आणि दोघांसाठी जवळपास तेच वर्ष. थोड्या दिवसांचा फरक उरतो, पण खरिपाचं एक पीक पेरणीपासून बहुतेक विक्रीपर्यंत त्यात बसतं. माल भावासाठी पाडव्यापुढेही घरात ठेवला असेल, तर तो किती आहे हे वेगळं विचारावं लागतं.

'आपण'सुद्धा मी काढून टाकला. शहरात तो आदराचा वाटतो. पण सर्वेक्षकाने मोठ्याने वाचलं, "आपल्या गावात पाणी किती दिवसांनी येते?" तर एका आजीने विचारलं, "तुमच्या का आमच्या?" 'तुम्ही'मध्ये आदर पुरेसा आहे, आणि घोटाळा नाही.

हे सगळं टेबलावर बसून कळत नाही. दोन्हीकडची दहा-बारा माणसं घ्या, प्रश्न वाचा आणि विचारा, "मी तुम्हाला काय विचारलं, तुमच्या शब्दांत सांगा." आणि सर्वेक्षकाचं बोलणं कागदाशी ताडून पाहा. तो छापलेलं वाचून लगेच "म्हणजे…" म्हणून पुढे बोलत असेल, तर तिथे प्रश्न त्याचा झाला. पाच सर्वेक्षक पाच 'म्हणजे' सांगतील आणि तुमच्या हाती एका रकान्यात पाच प्रश्नांची उत्तरं येतील. त्यातला जो 'म्हणजे' लोकांना कळतो, तोच उचलून छापा.

नवा प्रश्न शहरात परत नेला तेव्हा मला धाकधूक होती, सुशिक्षित माणसांना ही भाषा बाळबोध वाटेल का. कुणीच तसं म्हणालं नाही. उलट एका बँक कर्मचारी ताईंनी 'पगाराचे'वर बोट ठेवून विचारलं, "हातात येणारा, की कापायच्या आधीचा?" आधीच्या मसुद्यावर हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. म्हणजे 'उत्पन्न' लिहिलं होतं तेव्हा शहरातल्या रकान्यातही दोन वेगळे आकडे मिसळत होते, आणि आम्ही त्या उत्तरांवर निर्धास्त होतो. आता तिथे 'हातात आलेला पगार' असं छापलं आहे.