आमची वाटचाल: साध्या काचेपासून लो-ई पर्यंत

कुर्ल्याला वडिलांचं काचा-आरशांचं दुकान होतं. धाकटा भाऊ आणि मी त्यात उतरल्यावर धंदा अॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्यांकडे वळला आणि पुढे वसईला गाळा घेऊन आम्ही डबल ग्लेझिंगची युनिटं बनवायला लागलो. सहा एमएमच्या दोन काचा, मध्ये बारा एमएमची पोकळी, कडेनं स्पेसरची पोकळ पट्टी, त्यात ओल शोषणारे दाणे, आधी ब्युटिलचा चिकट थर आणि मग बाहेरून सीलंट. हायवेचा आणि लोकलचा आवाज नको म्हणून लोक ती घ्यायचे, आजही घेतात. पण आमच्या धंद्याला खरं वळण मिळालं ते लो-ई काचेमुळे, आणि ती काच आम्हाला नीट कळली ती चेंबूरच्या एका घरामुळे.

सातवा मजला, हॉल पश्चिमेला, खिडकी दहा फूट बाय साडेसहा फूट, म्हणजे साधारण सहा चौरस मीटर. काकूंची तक्रार एकच: चार वाजले की एसी नुसता घरघरतो, हॉल काही गार होत नाही. आधी कोणीतरी ब्राऊन काच बसवून दिली होती. रंगीत काच ऊन अडवते ती स्वतः पिऊन. मग तापते आणि त्यातली बरीच उष्णता आत सोडते. शिवाय भर दुपारी दिवे लावायची पाळी. काकूंनी साध्या डबल ग्लेझिंगचा भाव विचारला होता. मी त्यांच्यासमोर वहीत हिशोब मांडला.

एप्रिलमध्ये दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेच्या उभ्या काचेवर चौरस मीटरला सहाशे वॉट ऊन पडतं असं धरू. साधी एकेरी काच त्यातलं ८२ टक्के आत घेते. हा आकडा म्हणजे काचेचा एसएचजीसी, ०.८२. सहा चौरस मीटरला झाले जवळपास २९५० वॉट. बाहेर ३५ आणि आत २५ अंश असताना हवेतल्या फरकामुळे येणारी उष्णता वेगळी, ती सुमारे ३४० वॉट. आता साधं डबल ग्लेझिंग लावा. हवेतल्या फरकाची उष्णता निम्म्यावर येते, १७० च्या आसपास. पण ऊन? एसएचजीसी ०.७०, म्हणजे अजूनही २५०० वॉट. एका टनाचा एसी खोलीतून साडेतीन हजार वॉट उष्णता बाहेर काढतो, त्यातला तीन चतुर्थांश ही एक खिडकीच खाणार.

"मग दुसऱ्या काचेचे पैसे कशाला द्यायचे?" काकूंनी विचारलं. प्रश्न अगदी रास्त होता. उन्हासाठी दुसरी काच जवळजवळ फुकट जाते. काम करतो तो कोट.

लो-ई म्हणजे काचेवर चांदीचा इतका पातळ थर की डोळ्याला तो दिसत नाही. सूर्याच्या उष्णतेतला जवळपास निम्मा भाग उजेडात असतो आणि उरलेला बहुतेक न दिसणाऱ्या इन्फ्रारेडमध्ये. उन्हासाठी बनवलेला कोट हे इन्फ्रारेड परत फेकतो आणि उजेड बऱ्यापैकी आत सोडतो. चांदीचे थर दोन-तीन असले तर ही निवड आणखी काटेकोर होते. त्याचं दुसरं काम वेगळंच. उन्हानं तापलेली बाहेरची काच आतल्या काचेकडे उष्णता फेकत असते. साधी काच अशी उष्णता फेकण्यात पटाईत, एमिसिव्हिटी ०.८४. चांगल्या सॉफ्ट कोटची, म्हणजे अशा चांदीच्या थराची, ०.०४ च्या आसपास. साध्या युनिटच्या पोकळीतून जाणारी जवळजवळ दोन तृतीयांश उष्णता या मार्गानं जाते, तो मार्ग कोट बंद करतो. त्या खिडकीला आम्ही एसएचजीसी ०.३० चं युनिट दिलं. उन्हाचे १०८० वॉट, हवेच्या फरकाचे शंभर. साध्या डबल ग्लेझिंगपेक्षा दीड हजार वॉट कमी.

बाहेरून मोजत गेलं तर युनिटला चार बाजू असतात: बाहेरच्या काचेची बाहेरची बाजू एक, पोकळीकडची दोन, आतल्या काचेची पोकळीकडची तीन आणि खोलीतली चार. मुंबईत कोट दोन नंबरला हवा. कोट जेवढी उष्णता स्वतः पितो तेवढ्यानं बाहेरची काच तापते आणि वाऱ्यावर निवते. तोच तीन नंबरला आला तर आतली काच तापते, खोलीच्या बाजूला.

एका साईटवर नेमकं हेच झालं. बसवणाऱ्या कंत्राटदाराच्या माणसांनी काही युनिटं उलटी लावली. दिसायला काही फरक नाही, आणि हवेच्या तापमानाचा फरक अडवण्यात तर काडीचाही नाही. कोट दोनवर असो की तीनवर, यू-व्हॅल्यू, म्हणजे हवेच्या फरकानं किती उष्णता जाते तो आकडा, तीच राहते. म्हणून चूक पटकन सापडतही नाही. भाऊ संध्याकाळी गेला, मोबाईलचा टॉर्च काचेसमोर तिरका धरला. चार ठिपके दिसतात, एकेका बाजूचा एक, आणि कोटाच्या ठिपक्याचा रंग बाकीच्यांपेक्षा वेगळा असतो. खोलीत उभं राहून आपल्याजवळून मोजलं तर तो तिसरा यायला हवा. तिथे दुसरा आला. तेव्हापासून प्रत्येक युनिटवर "ही बाजू बाहेर" असा मोठा स्टिकर असतो, आणि शेवटचा हप्ता घेण्याआधी आम्ही टॉर्च मारून बघतो.

सॉफ्ट कोटची दुसरी नाजूक जागा म्हणजे काठ. चांदीला ओल चालत नाही. काठालगतचा सुमारे दहा एमएमचा कोट घासून काढायचा आणि ब्युटिल उघड्या काचेवर बसवायचं. हे टाळलं की आपल्या खाऱ्या हवेत काठापासून डाग आत सरकू लागतात. पोकळीत, म्हणजे पुसता न येणारं, धुकं दिसलं की सील गेलं समजा.

काकूंच्या मुलानं पुढे मनालीजवळ घर बांधलं आणि त्यांचा फोन आला, "आमच्या हॉलची काच आहे ना, तीच पाठवा." तीच पाठवायची नव्हती. मुंबईत थंडीत खिडकीतून उष्णता जाण्याचं दुःख नाही. तिथे बाहेर उणे पाच आणि आत वीस अंश. सहा चौरस मीटरच्या साध्या डबल ग्लेझिंगमधून ४२० वॉट बाहेर जातात, लो-ई असेल तर अडीचशेच्या आसपास. रात्रीपुरता मुंबईचा कोटही चालला असता. पण दिवसा? दक्षिणेच्या खिडकीवर थंडीत जे ऊन येतं ते तिथे फुकटचा हीटर आहे. पाच तास चौरस मीटरला सरासरी पाचशे वॉट धरले तर ०.३० ची काच दिवसाला विजेच्या साडेचार युनिटांइतकी उष्णता आत घेईल आणि ०.६० ची नऊ. म्हणून ऊन आत सोडणारा पण खोलीची उष्णता अडवणारा कोट घेतला, आणि तो तीन नंबरला.

त्यात आणखी एक अडचण. वसईत समुद्रसपाटीला सील केलेलं युनिट दोन हजार मीटरवर नेलं तर आतली हवा काचांना बाहेर ढकलते, पुरीसारखी फुगवते. त्यासाठी स्पेसरमध्ये सुईइतकी बारीक नळी ठेवतात. वर पोचून दाब सारखा झाला की तिचं तोंड दाबून बंद करायचं. तिथल्या मिस्त्रीला हे फोनवर समजवताना भावाचा घसा बसला होता.

अलीकडे आर्किटेक्ट स्वतःहून एसएचजीसी विचारतात, त्यामुळे बोलणं सोपं झालंय. घरगुती गिऱ्हाईक मात्र अजून "सगळ्या खिडक्यांना तेच लावा" म्हणतं. मुंबईत मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत सूर्य दुपारी डोक्याच्या उत्तरेला असतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीवर थोडं ऊन येतं, पण त्यातले बरेच दिवस ढगाळ. तिथे महागडा कोट लावण्यापेक्षा ते पैसे पश्चिमेच्या खिडकीबाहेरच्या छज्जावर घाला, असं आम्ही सांगतो. बिल कमी होतं म्हणून भाऊ कुरकुरतो, पण कोटेशन तोच तसं बनवतो.