गड्ड्यातला एक फोटो आणि त्याची सहा कॅप्शन

यंदा गड्ड्याला आईला घेऊन गेलो होतो. सोलापूरच्या लोकांना गड्डा म्हणजे काय ते सांगायला नको, बाहेरच्यांसाठी एवढंच की जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर महाराजांची यात्रा असते तिला आम्ही गड्डा म्हणतो. त्यातला अक्षता सोहळा, म्हणजे लग्नाच्या अक्षता टाकायचा कार्यक्रम, आईला बघायचा होता, गुडघ्यामुळे दोन-तीन वर्षं चुकला होता. गर्दीत तिचा एक फोटो निघाला, पाठमोरा. हात वर, मूठ नुकतीच उघडलेली, हात थोडा हललेला आहे, पुढे पांढऱ्या बाराबंदीतली माणसं आणि लांब कुठंतरी नंदीध्वजांची, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्यांची टोकं. फोटो काढला अर्ध्या सेकंदात आणि कॅप्शन लिहायला मला दोन दिवस लागले, त्याची ही गोष्ट.

पहिलं कॅप्शन मी तिथंच उभ्या उभ्या टाईप केलं. "श्रद्धा असेल तर गर्दीतही देव भेटतो 🙏". टाकायच्या आधी मित्राला पाठवलं तर त्याचा रिप्लाय, "बे, आईचा फोटो आहे का शाळेच्या फळ्यावरचा सुविचार?" राग आला, पण परत वाचलं तर बरोबर होतं त्याचं. ते वाक्य तिरुपतीच्या फोटोखाली चालेल, शिर्डीच्या चालेल, लोकलच्या गर्दीच्या फोटोखाली पण चालेल. फोटोतली आई, तो हात, ती मूठ यातलं काहीच त्यात नव्हतं. तेव्हापासून मी हीच तपासणी लावतो, हे वाक्य उचलून दुसऱ्या देवळाच्या फोटोखाली ठेवलं तर चालतंय का? चाललं तर खोडायचं.

दुसऱ्या वेळी जरा हुशारी केली. "मनात भाव असला की अक्षता पोचतातच." फोटोतली गोष्ट तरी आली म्हणलं. पण घरी येऊन बहिणीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली हे पण कीर्तनच आहे. मग आम्ही दोघं बसून बघत होतो की नेमकं कुठं कीर्तन होतंय, आणि सापडलं ते मजेशीर होतं. तो शेवटचा "च". पोचतात म्हणलं तर मी एक गोष्ट सांगतोय, पोचतातच म्हणलं की मी समोरच्याला बजावतोय. मराठीत उपदेश अशा बारक्या जागांतनं शिरतो, "च" मधनं, "माणसाने" मधनं, "आपण सगळ्यांनी" मधनं, आणि "करावं, ठेवावं, जपावं" असल्या क्रियापदांतनं. अजून एक म्हणजे नेहमीचा वर्तमानकाळ. "देव भेटतो" हा नियम झाला, "त्या दिवशी आई हसली" ही घडलेली गोष्ट झाली. नियम वाचला की वाचणारा मनातल्या मनात मान्य तरी करतो नाहीतर वाद तरी घालतो, गोष्ट वाचली की तो तिथं येऊन उभा राहतो.

तिसरं कॅप्शन माझं नव्हतंच. फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आलेला, खाली सिद्धरामेश्वरांचं, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर महाराजांचंच नाव, वर चार ओळींचं मराठी वचन, आतला दिवा वगैरे. वाटलं झालं काम, संतांचंच वाक्य टाकलं की आपण उपदेश केला असं होत नाही. शेजारच्या काकूंच्या घरी कन्नड बोलतात, त्यांना सहज दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "तम्मा, यात मुद्रा कुठाय?" मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं की वचनकारांच्या वचनात त्यांच्या देवाचं नाव सहीसारखं येतं, सिद्धरामेश्वरांचं "कपिलसिद्धमल्लिकार्जुन", बसवण्णांचं "कूडलसंगमदेव", अक्कमहादेवींचं "चेन्नमल्लिकार्जुन". आपल्याकडे अभंगात "तुका म्हणे" येतं ना, तसंच. आता भाषांतर करताना कुणी सही गाळली असेल असंही होऊ शकतं, म्हणजे मुद्रा नाही म्हणून वचन खोटंच असं काकूपण म्हणाल्या नाहीत. पण मूळ वचन दाखवता येत नसेल तर महाराजांचं नाव खाली लिहून मी ते पुढं ढकलणार नव्हतो, तेही त्यांच्याच गावात बसून. सोडून दिलं. आणि खरं सांगायचं तर ते वचन अस्सल निघालं असतं तरी त्या फोटोखाली बसलं नसतं, त्यात आई नव्हती.

चौथं लिहिलं ते माहितीचं. बाहेरगावच्या मित्रांना कळावं म्हणून बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर, त्यांनी गावाभोवती स्थापलेली ६८ लिंगं, सात नंदीध्वज, सगळं ओतलं. वाईट काही नव्हतं पण ते फोटोचं कॅप्शन नव्हतं, गाईडची पाटी होती. शिवाय इन्स्टावर फीडमध्ये कॅप्शनची सुरुवातच दिसते, पुढचं "more" दाबल्यावर, म्हणजे माझ्या कॅप्शनमधलं लोकांना दिसलं असतं "बाराव्या शतकात सोन्नलगी या नावाने" एवढंच. कोण दाबणार. तेव्हा ठरवलं की पहिली ओळ फोटोतल्या माणसाची, माहिती असली तर शेवटी आणि एकाच वाक्यात.

पाचवं सगळ्यात वाईट होतं. आता साधं नको, खोल पाहिजे म्हणून लिहिलं, "काही मुठी रित्या होण्यासाठीच भरलेल्या असतात." बहीण काही बोलली नाही, फक्त माझ्याकडे बघितलं. मी स्वतःच खोडलं. ऐकायला बरं वाटतं पण अर्थ विचारला तर मला सांगता आला नसता.

मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तलावाच्या काठावर जाऊन बसलो (फिरायला, कॅप्शनसाठी नाही, एवढं पण नाही) आणि फोनमध्ये सरळ लिहून काढलं त्या दिवशी काय काय झालं. शोभिवंत नाही, नुसतं घडलं तसं. सकाळी लवकर निघालो तरी अक्षता सोहळा होतो त्या सम्मती कट्ट्याच्या जवळ जाता आलं नाही. आई एका पायावर भार देऊन उभी होती. घरनं कुंकू लावून आणलेले तांदूळ रुमालात बांधलेले, घामानं रुमाल ओला, तांदळाचा रंग बोटांना लागलेला. "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" सुरू झालं तसं सगळीकडनं हात वर गेले. आईने सगळा जोर लावून मूठ फेकली आणि तांदूळ जेमतेम चार फूट गेले, पुढच्या एका काकांच्या डोक्यावर पडले. काकांनी मागं वळूनही बघितलं नाही, त्यांचं स्वतःचं फेकणं चाललेलं. मी हसत म्हणलं, "आई, पोचल्या नाहीत गं." ती म्हणाली, "पोचल्या की." आणि रुमाल झटकून घडी घातली.

एवढं लिहून झाल्यावर कॅप्शन समोरच पडलेलं होतं. दोन दिवस मी जे "भाव असला की पोचतातच" म्हणून सांगायला बघत होतो ते आईने दोन शब्दांत म्हणून टाकलेलं, आणि तिने ते कुणाला शिकवायला म्हणलेलं नव्हतं, मला उत्तर दिलं होतं. माझी चूक ही झालेली की तिचे शब्द मी सुधारून घेतले होते. फोटोतलं माणूस काही बोललं असेल तर ते जसंच्या तसं ठेवायचं, "की" सकट. "पोचल्या की" मधला तो "की" आईच्या बोलण्यातला आहे, तो काढून "त्या पोहोचल्या आहेत" केलं असतं तर आई गेली असती आणि बातम्या देणारी बाई आली असती.

सहावं म्हणजे शेवटचं असं झालं:

"आईने टाकलेल्या अक्षता पुढच्या काकांच्या टोपीवर पडल्या.
म्हणलं, पोचल्या नाहीत गं.
म्हणाली, पोचल्या की."

खाली एक ओळ सोडून माहितीचं एकच वाक्य, "सिद्धेश्वर महाराजांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं, त्याच्या या अक्षता. सोलापूर." ती गोष्ट अशी आहे की कुंभाराच्या मुलीला महाराजांशी लग्न करायचं होतं, महाराज योगी, त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न कर म्हणून सांगितलं. हे कॅप्शनमध्ये नाही टाकलं, कमेंटमध्ये कुणी विचारलं तर सांगायला ठेवलं, आणि दोघांनी विचारलं पण. हात जोडलेले इमोजी काढून टाकले. ते वाईट नाहीत, पण शेवटी ते आले की आईचं "पोचल्या की" परत आरती झाल्यासारखं वाटत होतं.

फॅमिली ग्रुपवर मात्र तोच फोटो नुसतं "जय सिद्धेश्वर 🙏" लिहून टाकला. तिथं मामा-मावश्यांना आई गड्ड्याला गेली, उभी राहू शकली, एवढं कळायला हवं होतं, तिथं असलं कॅप्शन टाकलं असतं तर मामाने फोन करून विचारलं असतं की अक्षता खाली पडल्या म्हणून काही अशुभ वगैरे तर नाही ना.

पोस्ट करायच्या आधी आईला फोटो दाखवलेला, पाठमोरा आहे म्हणल्यावर चालेल म्हणाली. कॅप्शन तिने रात्री जेवण झाल्यावर वाचलं, चष्मा वर करून, फोन लांब धरून. मला वाटलं आता डोळ्यात पाणी वगैरे येणार. म्हणाली, "टोपी कुठं होती रे? फेटा होता त्यांना." मी फोटो झूम केला. पांढरा फेटा, आणि त्याच्या घडीत दोन-तीन लाल दाणे अडकलेले. दोन दिवस त्याच फोटोकडे बघत होतो आणि ते मला दिसले नव्हते. लगेच एडिट करून टोपीचा फेटा केला.