मागील मेलमध्ये कळवल्याप्रमाणे

“मेल तयार असतो, तरी पाठवायच्या आधी तुम्ही त्यात काय शोधत बसता?”

टोमणा शोधते. लिहिताना तो आपल्याला दिसत नाही, कारण मनातला सूर आपल्याच कानात वाजत असतो. वाचणाऱ्याकडे फक्त अक्षरं पोचतात. क्रूगर, एप्ली वगैरे मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली यावर प्रयोग छापला होता. मेलमधलं वाक्य गंभीर आहे की उपरोधिक, हे वाचणाऱ्याला कळेलच अशी लिहिणाऱ्यांना खात्री होती. प्रत्यक्षात वाचणाऱ्यांचा अंदाज छापा-काट्यापेक्षा थोडासाच बरा निघाला.

मी पुण्यात एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये आहे. गेल्या ऑक्टोबरात आमच्याकडची एक नवी मुलगी कोल्हापूरच्या एका फाउंड्रीच्या अकाउंटंटना पाठवायचा मेल घेऊन आली. त्यांचं ऑगस्टचं तीन लाखांचं बिल आमच्या २बीमध्ये, म्हणजे विक्रेत्यांनी दाखवलेल्या बिलांवरून बनणाऱ्या जीएसटीच्या मासिक यादीत, आलं नव्हतं. त्यामुळे त्या खरेदीवर दिलेल्या जीएसटीची सप्टेंबरात मिळणारी वजावट, म्हणजे ५४,००० रुपयांचं क्रेडिट, हुकलं आणि तेवढा कर आम्हाला रोखीने भरावा लागला. आता त्यांनी ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे आपल्या विक्रीच्या विवरणपत्रात, दुरुस्ती केली, तरच १४ तारखेच्या २बीमध्ये ते दिसणार होतं. मुलीचा राग रास्तच होता. मेल असा होता:

“आदरणीय महोदय, मागील दोन मेलमध्ये कळवल्याप्रमाणे आपले बिल अद्याप दिसत नाही. आपण व्यस्त असाल हे आम्ही समजू शकतो, तरी पुन्हा एकदा लक्ष घालावे ही नम्र विनंती. आमच्याकडून पेमेंट वेळेवर झाले आहे, याची नोंद घ्यावी. सहकार्याबद्दल आगाऊ धन्यवाद.”

सीसीमध्ये फाउंड्रीचे मालक.

मी प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारते: हे वाचून समोरचा माणूस नेमकं काय करू शकेल? ‘कळवल्याप्रमाणे’ वाचून त्याला फक्त ओशाळता येतं. ‘व्यस्त असाल’ यात समजूतदारपणा दिसतो, पण ऐकू येतं ‘तुम्ही दुर्लक्ष करताय’. ‘अद्याप’, ‘तरी’, ‘पुन्हा एकदा’ हे छोटे शब्द चिमटे काढतात. ते काढले तरी माहितीतलं काहीच कमी होत नाही. ‘नोंद घ्यावी’ला वकिली नोटिशीचा वास येतो. आणि आगाऊ धन्यवाद म्हणजे नाही म्हणायची वाटच बंद.

आपल्या भाषेत आणखी एक खूण आहे, ती मी आधी बघते. ही मुलगी त्या अकाउंटंटना फोनवर ‘काका, तुम्ही’ म्हणते. मेलमध्ये ते एकदम ‘आदरणीय महोदय, आपण’ झाले. ओळखीच्या माणसाला आपण अचानक जास्त मान दिला की तो दुरावा असतो, हे प्रत्येक मराठी माणसाला घरातूनच ठाऊक असतं. चिडलेली आई मुलाला ‘अहो साहेब’ म्हणते, तसंच.

टोमणे वगळले तेव्हा मेलमध्ये ‘बिल दिसत नाही’ एवढंच उरलं. मग आधीचे दोन मेल उघडले. तिन्हींत कुठेच बिलाचा नंबर नव्हता, आमचा पुण्याचा जीएसटी नंबरही नव्हता. मला याचं फार वाईट वाटतं, कारण हे नेहमी घडतं: दोष दाखवण्यात जागा जाते आणि समोरच्याला जे हवं असतं तेच राहून जातं. मग आम्ही लिहिलं:

“नमस्कार काका, ऑगस्टचं ३ लाखांचं बिल आमच्या २बीमध्ये आलेलं नाही. बिलाची प्रत आणि आमचा पुण्याचा जीएसटी नंबर सोबत आहे. तुमच्या जीएसटीआर-१ मध्ये ते कोणत्या नंबरवर चढलंय, ते पाहाल का? ११ तारखेच्या आत दुरुस्ती झाली तर या महिन्यात आमचं क्रेडिट सुटेल. अडलं तर फोन करा.”

सीसी काढला. दुपारीच काकांचा फोन आला. बिल आमच्या कंपनीच्या गुजरातच्या जीएसटी नंबरवर चढलं होतं. त्यांनी ते जीएसटीआर-१ मध्ये वेळेवर दाखवलं होतं, म्हणून आधीचे मेल त्यांना अपमानाचे वाटले आणि त्यांनी उत्तर दिलं नाही. १४ तारखेला क्रेडिट दिसलं.

सगळेच मेल असे मऊ करावेत, असं मात्र मी म्हणत नाही. दोनदा मागूनही खरोखर काम होत नसेल तर लेखी नोंद हवीच. तेव्हा मी तारखा लिहिते: ‘१६ आणि २५ सप्टेंबरला मेल केला, उत्तर आलेलं नाही.’ त्यात एकही विशेषण नाही, ‘कळवल्याप्रमाणे’ही नाही. वरिष्ठांना सीसी करायचाच असेल तर आधी त्या माणसाला फोन करून सांगते, “आता साहेबांना घालावं लागेल.” बरेचदा त्या फोनवरच काम होतं.