मूव्हीलेन्स १एम वर एनसीएफ: निगेटिव्ह कुठून उचलायचे, तिथवर आलोय

मंडळी, मागच्या अपडेटनंतर बरंच काम झालंय, पण बहुतेक सगळा वेळ मॉडेलवर नाही तर निगेटिव्ह सॅम्पलिंगवर, म्हणजे युजरने न पाहिलेले सिनेमे "हा नको" म्हणून उचलण्यावर, गेला आणि मला आता वाटतं की तो तिथेच जायला हवा होता. डेटा तोच, मूव्हीलेन्स १एम, म्हणजे ६,०४० युजर, ३,७०६ सिनेमे, १०,००,२०९ रेटिंग. रेटिंग किती स्टार दिलं ते फेकून दिलंय, दिलं म्हणजे पॉझिटिव्ह, बस. मॉडेल न्यूरल कोलॅबोरेटिव्ह फिल्टरिंग म्हणजे एनसीएफमधलं सगळ्यात साधं घेतलंय, जीएमएफ: युजरचं ३२ आकड्यांचं एम्बेडिंग, सिनेमाचं ३२ चं, दोघांचा एकास एक गुणाकार, वर एक लिनिअर लेयर आणि सिग्मॉइड. एम्बेडिंगचे सगळे मिळून ३ लाख १२ हजारच्या आत पॅरामीटर, लॅपटॉपवर आरामात चालतं.

आधी आयडीचं सांगतो, कारण हे पटकन निसटतं. फाइलमध्ये सिनेमांचे आयडी ३,९५२ पर्यंत जातात पण रेटिंग असलेले सिनेमे ३,७०६ च आहेत. रीमॅप न करता १ ते ३,९५२ मधून रँडम निगेटिव्ह उचलले तर २४६ आयडी असे येतात ज्यांना कुणीच कधी पाहिलेलं नाही, मॉडेल ते लगेच ओळखून तळाला टाकतं, आणि टेस्टमध्ये खऱ्या सिनेमासमोर ९९ रँडम ठेवले की त्यातले सहाएक हे असले फुकटचे निघतात आणि हिट रेट, म्हणजे खरा सिनेमा पहिल्या दहात येण्याचं प्रमाण, उगाच चांगला दिसतो. म्हणून आधी रीमॅप, मग बाकी सगळं.

आता निगेटिव्ह. प्रत्येक पॉझिटिव्हमागे ४, दर इपॉकला नव्याने. एकदाच काढून फाइलमध्ये ठेवले तर मॉडेल तेच ठरावीक निगेटिव्ह पाठ करतं, ट्रेन लॉस छान उतरत राहतो आणि टेस्टचा हिट रेट एका जागी थांबून मग खाली यायला लागतो, ही खूण लक्षात ठेवा. दर वेळी नवे काढायचे म्हणजे हळू होणार असं वाटतं, पण युजर गुणिले सिनेमा अशी बूलियन मॅट्रिक्स जेमतेम २२ एमबीची होते, त्यामुळे सगळं एका दमात होतं:

```python
users = np.repeat(train_u, 4)
negs = rng.integers(0, n_items, size=len(users))
bad = seen[users, negs]
while bad.any():
    negs[bad] = rng.integers(0, n_items, size=bad.sum())
    bad = seen[users, negs]
```

`seen` मध्ये फक्त ट्रेनचे पॉझिटिव्ह आहेत. टेस्टचा सिनेमा (प्रत्येक युजरचा शेवटचा, बाजूला काढलेला) त्यात नाही म्हणजे तो निगेटिव्ह म्हणून येऊ शकतो, आणि तो येऊ द्यायलाच हवा, नाहीतर टेस्टचं उत्तर ट्रेनिंगमध्ये झिरपलं. पण याचा एक परिणाम आहे जो मी आकडेमोड करेपर्यंत माझ्या डोक्यात आलाच नव्हता. २० रेटिंगवाल्या युजरचे ट्रेनमध्ये १९, म्हणजे ७६ निगेटिव्ह, ते ३,६८७ सिनेमांत विखुरलेले, त्याचा टेस्टचा सिनेमा त्यात येण्याची शक्यता इपॉकला जेमतेम २ टक्के. आता सगळ्यात जास्त सिनेमे पाहिलेला युजर घ्या, २,३१४ रेटिंग. त्याचे ९,२५२ निगेटिव्ह लागतात आणि न पाहिलेले उरलेत फक्त १,३९३, म्हणजे त्यातला प्रत्येक सिनेमा दर इपॉकला सरासरी साडेसहा वेळा "हा नको" म्हणून मॉडेलला दाखवला जातो, टेस्टचा सिनेमासुद्धा. म्हणून आता मी हिट रेट एकच आकडा म्हणून बघत नाही, युजरचे रेटिंगच्या संख्येप्रमाणे गट पाडून बघतो. जास्त पाहणाऱ्यांचा गट इपॉक वाढतील तसा इतरांच्या आधी घसरायला लागला तर कारण बहुतेक हेच.

लॉस वाचायची एक रीत सापडली जी रोज उपयोगी पडते. एम्बेडिंग ०.०१ डेव्हिएशनच्या नॉर्मलने भरलेत, त्यामुळे सुरुवातीला सगळे स्कोअर शून्याजवळ, सिग्मॉइड सगळ्यांना ०.५ देतो आणि लॉस ०.६९३ ला सुरू होतो. ४ निगेटिव्ह असताना पाचात एक पॉझिटिव्ह, तेव्हा काहीही न शिकता सगळ्यांना ०.२ म्हणणाऱ्या मॉडेलचा लॉस बरोबर ०.५०० येतो. शेवटच्या लेयरचा बायस हे चटकन शिकतो. म्हणजे ०.६९ वरून ०.५० ला आलं म्हणून खूश व्हायचं कारण नाही, खरं शिकणं ०.५० च्या खाली सुरू होतं, आणि ०.५० लाच रेंगाळत असेल तर एम्बेडिंग अजून हललेलीच नाहीत, थोडे इपॉक थांबा किंवा लर्निंग रेट बघा. निगेटिव्ह ८ केले तर हीच रेषा ०.३४९ वर जाते, तेव्हा ४ चा लॉस आणि ८ चा लॉस शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही.

०.५० च्या खाली उतरल्यावर मॉडेल पहिलं काय शिकतं तर लोकप्रियता. सगळ्यात जास्त रेटिंगचा सिनेमा ३,४२८ वेळा पॉझिटिव्ह येतो. युनिफॉर्म सॅम्पलिंगमध्ये दर इपॉकला प्रत्येक सिनेमाच्या वाट्याला साधारण हजारेक निगेटिव्ह येतात, या सिनेमाला तर त्याहून कमी, कारण निम्म्याहून जास्त युजरांनी तो पाहिलेलाच आहे. उलट एकच रेटिंग असलेला सिनेमा: १ पॉझिटिव्ह, हजार निगेटिव्ह. मग मॉडेलने पहिल्याला सगळ्यांच्या यादीत वर ठेवला तर नवल नाही. हे डोळ्यांनी बघायचं तर प्रत्येक इपॉकनंतर सगळ्या युजरांच्या टॉप १० एकत्र करून त्यात वेगवेगळे सिनेमे किती ते मोजा. सुरुवातीला आकडा अगदी छोटा असतो, सगळ्यांना जवळपास तीच यादी, आणि हिट रेट मात्र बरा दिसतो! पुढे आकडा वाढायला लागला की समजायचं युजर एम्बेडिंग कामाला लागली.

म्हणून सध्या निगेटिव्ह लोकप्रियतेप्रमाणे उचलून बघतोय. पूर्ण प्रमाणात उचलले, म्हणजे जितके रेटिंग तितकी शक्यता, तर साधारण प्रत्येक सिनेमाला १ ला ४ हेच प्रमाण मिळतं, लोकप्रियतेचा फायदा जवळपास पुसला जातो आणि याद्यांमध्ये फारच अनोळखी सिनेमे घुसतात. रेटिंगच्या संख्येचा ०.७५ घात घेतला (वर्ड२व्हेकमध्ये घेतात तसा) तर मधला मार्ग निघतो. वेगवेगळे सिनेमे वाढतात, हिट रेट मात्र उतरतो.

आणि या उतरलेल्या हिट रेटवर किती विश्वास ठेवायचा? टेस्टमधले ९९ युनिफॉर्म रँडम असतात, त्यातले बरेचसे कुणी फारसे न पाहिलेले, त्यांना हरवायला लोकप्रियता पुरते, निव्वळ लोकप्रिय यादीलाच तिथे ०.४५ च्या आसपास मिळतात. शंभरात पहिल्या दहात येणं म्हणजे सगळ्या ३,७०६ मध्ये साधारण पहिल्या ३७० त येणं. माझं युनिफॉर्मवालं मॉडेल त्या पद्धतीने ०.७ च्या जवळ जातं आणि न पाहिलेले सगळेच सिनेमे समोर ठेवून रँक काढला की ०.१ च्याही खाली येतं. ६,०४० गुणिले ३,७०६ स्कोअर ही एक मॅट्रिक्स मल्टिप्लिकेशन आहे, काही सेकंदांचं काम, एवढ्या डेटाला सॅम्पल करायची गरजच नाही. आता मी दोन सॅम्पलिंगची तुलना फक्त पूर्ण रँकिंगवर करतो.

एनसीएफमधला अनेक लेयरचा एमएलपी आणि तो जीएमएफला जोडणारं न्यूएमएफ अजून घेतलेलं नाही. २०१७ च्या मूळ पेपरात एमएलपी जोडल्याने फायदा दिसतो, पण २०२० मध्ये रेंडल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की नीट ट्यून केलेला साधा डॉट प्रॉडक्ट त्याला मागे टाकतो, तेव्हा मला आधी जीएमएफचं रेग्युलरायझेशन आणि घात (०.२५, ०.५, ०.७५) पूर्ण रँकिंगवर लावून बघायचेत. कुणी या डेटावर घाताचे प्रयोग केले असतील तर युजर गटांप्रमाणे आकडे टाका, एकत्रित सरासरीतून काही कळत नाही.