पेट्रोलचे दिवसाला 260

शनिवार, रात्री उशिरा

पंपावर रांगेत उभं राहिलं की आम्हा डिलिव्हरीवाल्या पोरांचा विषय एकच. भाव परत वाढणार का? घरी आलो तर बायकोचं वेगळंच. ‘अहो, पेट्रोलला महिन्याचे किती बाजूला काढायचे ते एकदाच सांगा, दर आठवड्याला डब्यातून ओढाताण नको.’ तिचं बरोबर आहे. पैसे आठवड्याला येतात, पेट्रोल रोज जातं, आणि मधला हिशेब आमच्यातला कुणीच धड लावत नाही. आज जेवण झाल्यावर वही काढून बसलो.

हिशेब तसा शाळेतलाच. दिवसाचे किलोमीटर भागिले ॲव्हरेज, गुणिले भाव, गुणिले कामाचे दिवस. गोची आहे ती पहिल्या दोन आकड्यांत.

किलोमीटरचं आधी. ॲपमध्ये माझ्या नेहमीच्या दिवसाचे साधारण 85 किलोमीटर दिसतात. गाडीच्या मीटरवर मात्र 120 पडतात. मधले 35 ऑर्डरचे नाहीत, पण पेट्रोल त्यांनाही लागतंच. मी वारज्याला राहतो, काम बाणेर-बालेवाडीत. चांदणी चौकावरून जाऊन-येऊन वीस-बावीस किलोमीटर तिथेच खर्ची पडतात. उरलेले परतीचे. सूसला किंवा म्हाळुंग्याला ऑर्डर टाकली की तिकडून उचलायला काही नसतं, रिकामं परत हॉटेलांच्या पट्ट्यात यावं लागतं. म्हणून सकाळी निघताना आणि रात्री गाडी लावताना मीटरचा फोटो काढतो. ॲपचा आकडा पेट्रोलच्या हिशेबाला घ्यायचाच नाही.

ॲव्हरेजचंही तसंच. शोरूममध्ये 60 च्या पुढचा आकडा सांगतात. तो ठरावीक वेगाने, चाचणीत काढलेला असतो. त्यात दर दोनशे मीटरला सिग्नल नसतो, मागे बॅग नसते, सोसायटीच्या गेटवर चालू गाडीवर नाव लिहिणं नसतं. खरं ॲव्हरेज टाकी फुल करूनच कळतं. गाडी डबल स्टँडवर लावायची, नोझल आपोआप बंद पडलं की तिथेच थांबायचं, मीटर लिहून ठेवायचं. मग तीनशेएक किलोमीटर चालवून त्याच पंपावर, तशीच परत फुल करायची. माझे 312 किलोमीटर झाले आणि 6.5 लिटर बसलं, म्हणजे 48. शंभर-शंभरचं टाकणाऱ्याला हे कधीच कळत नाही, कारण टाकीत आधी किती होतं हेच माहीत नसतं. आणि घाई करून पन्नास किलोमीटरवर मोजलं तर नोझल जरा आधी-नंतर तुटल्यानेच ॲव्हरेज पाच-दहाने हलतं. तीनशेवर तेवढीच चूक एक-दोनात जिरते.

आता मांडणी. 120 भागिले 48, म्हणजे दिवसाला अडीच लिटर. भाव 104 धरला. दिवसाचे 260 रुपये. महिन्याला चार सुट्ट्या सोडून 26 दिवस, एकूण 65 लिटर, 6760 रुपये. ॲपचे 85 किलोमीटर धरले असते तर हाच आकडा 4800 च्या आत आला असता आणि विसाव्या तारखेच्या आसपास डबा रिकामा.

मग प्रत्येक आकडा थोडा हलवून बघितला. भाव दोन रुपयांनी वाढला तर महिन्याला 130 रुपये जास्त. पाचने वाढला तर 325. ॲव्हरेज 48 चं 42 झालं तर मात्र सव्वाचौऱ्याहत्तर लिटर लागतं, म्हणजे साडेनऊशेहून जास्त. रांगेत आम्ही भावावर भांडतो आणि चेन सैल पडलीय याकडे बघत नाही.

भावाने काहीच फरक पडत नाही असंही नाही. जून 2017 पासून सकाळी सहाला रोज नवा भाव लागू होऊ शकतो, पण प्रत्यक्षात तो महिनोन्‌महिने एका जागी बसतो आणि मग एकदम सुटतो. 2022 च्या मार्च-एप्रिलमध्ये तसंच झालं होतं. बहुतेक दिवशी 80-80 पैसे, आणि दोन आठवड्यांत दहा रुपये वर, मुंबईत 120 च्या पलीकडे. ऐंशी पैसे म्हणजे माझ्या अडीच लिटरला दिवसाचे दोन रुपये, चहाच्या कपातही दिसणार नाहीत. दहा रुपयांचे महिन्याला 650 होतात तेव्हा दिसतात. पुढे मे महिन्यात केंद्राने आठ रुपये आणि जुलैत राज्याने पाच रुपये कर कमी केला तेव्हा कुठे श्वास मोकळा झाला. त्यामुळे भावासाठी लिटरमागे पाच रुपये जास्तीचे धरून ठेवायचे. महिन्याचे 325. भाव नाही वाढला तर ते ऑइल बदलायला.

पावसाळ्याचं गणित मी वेगळंच ठेवणार. जुलैत खड्डे, पाणी, पहिल्या-दुसऱ्या गियरवर रांगणं. 42-43 च मिळतं. तेव्हा दिवसाचे 300 धरायचे.

पण ॲव्हरेज पाऊस नसताना पडलं तर गाडीत काहीतरी आहे. आमचा मिस्त्री भाषण देत नाही. गाडी डबल स्टँडवर घेतो, न्यूट्रलला टाकतो आणि मागचं चाक हाताने फिरवतो. ‘बघ, दोन फेऱ्यांत थांबलं. ब्रेक घासतोय तुझा. दिवसभर ब्रेक दाबून गाडी हाणतोयस तू.’ मग प्लग काढून दाखवतो. काळा, काजळी धरलेला असेल तर एअर फिल्टर तुंबलाय किंवा पेट्रोल जास्त जातंय. हवा मी स्वतः आठवड्याला बघतो, सकाळी निघतानाच, टायर तापायच्या आत. इथेनॉलला शिव्या देणारे खूप आहेत. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ताकद कमी, त्यामुळे 20 टक्केवाल्या पेट्रोलने ॲव्हरेज थोडं पडतं हे खरं. पण 48 चं 42 एकट्या इथेनॉलने होत नाही. तिथे चाक फिरवूनच बघावं.

या सगळ्यातून कामाचा आकडा निघाला तो किलोमीटरचा: 104 भागिले 48, साधारण 2 रुपये 17 पैसे. परवा 65 रुपयांची एक ऑर्डर आली होती. जायचे नऊ, रिकामं परत यायचे आठ. सतराचे 37 रुपये पेट्रोल, हातात 28, आणि वेळ गेला जवळपास तास. तीस रुपयांची जवळची ऑर्डर जाऊन-येऊन चार किलोमीटरची असते. नऊ रुपये पेट्रोल, 21 सुटतात, वीस मिनिटांत. लांबची ऑर्डर मोठी वाटते ती स्क्रीनवर. रात्री शेवटची म्हणून वारज्याच्या दिशेची मिळाली तर गोष्ट वेगळी, घरी परतायचं पेट्रोल नाहीतरी जाणारच असतं. कर्वेनगर, कोथरूडकडची असेल तर डोळे झाकून घ्यावी.

बायकोला आकडा दिला: सोमवारी पैसे आले की 1700 डब्यात, पावसाळ्यात 1900. तिने विचारलं, ‘पंक्चरचे यातच का?’ नाही. पंक्चर, ऑइल, चेन-स्प्रॉकेट वेगळं. त्याची पानं अजून लिहायची आहेत.